पडत्या बाजारात पुढे कोण? शेअरची ताकद निफ्टीशी ताडून पाहताना

२७ सप्टेंबर २०२४ ला निफ्टी ५० ने २६,२७७ चा उच्चांक गाठला आणि तिथून बाजार जो घसरला, तो पाच महिने घसरतच राहिला. ऑक्टोबर ते फेब्रुवारी असे सलग पाच महिने निफ्टी आधीच्या महिन्यापेक्षा खाली बंद झाला. १९९६ नंतर असं पहिल्यांदाच घडत होतं. परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी एकट्या ऑक्टोबरात ९० हजार कोटी रुपयांहून जास्त किमतीचे शेअर विकले. २८ फेब्रुवारी २०२५ ला निफ्टी एका दिवसात ४२० अंकांनी आपटून २२,१२५ वर आला.

असा काळ आला की बहुतेक लोक दोनपैकी एक काम करतात. एक तर डीमॅट खात्याचं ॲप उघडणंच बंद करतात, नाहीतर सगळ्यात जास्त पडलेला शेअर शोधतात, कारण तो 'स्वस्तात' मिळतोय असं वाटतं. तिसरं काम फार थोडे करतात. सगळं पडत असताना कोण पडत नाहीये, याची नोंद ठेवायची. तेजीत सगळेच शेअर वर जातात, त्यामुळे कोणात खरा दम आहे ते समजत नाही. उतारावर सगळ्याच सायकली पळतात, पायडल कोण मारतंय ते चढावर दिसतं. ही नोंद ठेवायच्या पद्धतीला बाजारात रिलेटिव्ह स्ट्रेंथ म्हणतात. चार्टवर ज्याला आरएसआय म्हणतात तो वेगळा. तो शेअरची तुलना त्याच्या स्वतःच्याच मागच्या चढउतारांशी करतो, निर्देशांकाशी त्याचा संबंध नाही. इथे आपण शेअरला निफ्टीशेजारी उभं करणार आहोत.

गणित तिसरीच्या मुलालाही जमेल असं आहे. शेअरचा भाव भागिले निर्देशांकाची पातळी. आलेल्या आकड्याला स्वतःचा काही अर्थ नसतो. तो वाढतोय की कमी होतोय, एवढंच पाहायचं. शेअर निफ्टीपेक्षा जास्त वाढला तर हा रेशो वर जातो, निफ्टीपेक्षा कमी पडला तरीही वर जातो. ट्रेडिंगव्ह्यू या चार्टच्या संकेतस्थळावर शेअर शोधायच्या चौकटीत `NSE:BAJFINANCE/NSE:NIFTY` असं टाइप केलं की हीच रेषा समोर येते, वेगळं काही बसवावं लागत नाही.

बजाज फायनान्सचं नाव मुद्दाम घेतलं. पुण्याच्या आकुर्डीची ही कंपनी, आणि त्या पाच महिन्यांत तिच्या शेअरने जे केलं त्यात या विषयातलं जवळजवळ सगळं येऊन जातं. खालच्या तक्त्यात महिनाअखेरचे भाव गोल आकड्यांत आहेत. जून २०२५ मध्ये शेअरची विभागणी आणि बोनस झाला, त्याच्या आधीचे हे भाव आहेत. शेवटच्या रकान्यात रेशो आहे, पण वाचायला सोपा जावा म्हणून सप्टेंबरअखेरचा रेशो १०० धरला आहे.

| महिनाअखेर | बजाज फायनान्स (रु.) | निफ्टी | रेशो (सप्टेंबर = १००) |
|---|---|---|---|
| सप्टेंबर २०२४ | ७,७०० | २५,८११ | १०० |
| ऑक्टोबर | ६,९०० | २४,२०५ | ९६ |
| नोव्हेंबर | ६,६०० | २४,१३१ | ९२ |
| डिसेंबर | ६,८०० | २३,६४५ | ९६ |
| जानेवारी २०२५ | ७,९०० | २३,५०८ | ११३ |
| फेब्रुवारी | ८,५०० | २२,१२५ | १२९ |
| मार्च | ८,९५० | २३,५१९ | १२८ |
| एप्रिल | ८,६०० | २४,३३४ | ११८ |

पहिल्या दोन महिन्यांत या शेअरमध्ये पाहण्यासारखं काहीच नव्हतं. निफ्टी पडला, हा त्याहून जास्त पडला, रेशो ९२ वर आला. नोव्हेंबरअखेर कुणी 'तगड्या' शेअरांची यादी केली असती तर त्यात बजाज फायनान्स बसला नसता, आणि ते बरोबरच होतं.

डिसेंबरात पहिली खूण दिसली. निफ्टी त्या महिन्यात जवळपास २ टक्क्यांनी घसरला आणि हा शेअर ३ टक्क्यांनी वाढला. नुसता भाव पाहिला तर ६,६०० चे ६,८०० झाले, सप्टेंबरच्या ७,७०० पासून शेअर अजून चांगलाच खाली. भावाच्या चार्टवर ही पडलेल्या शेअरने घेतलेली एक छोटी उसळी दिसते. रेशोच्या रेषेवर मात्र दोन महिन्यांची उतरंड थांबून दिशा बदललेली दिसते. जानेवारीत हा फरक ठळक झाला. महिनाअखेर भाव ७,९०० वर पोहोचला, म्हणजे सप्टेंबरच्या पातळीच्या जरासा वर. निफ्टी मात्र सप्टेंबरपेक्षा ९ टक्के खाली होता, त्यामुळे रेशो ११३ झाला. भाव जुन्या पातळीला कसाबसा शिवतोय आणि रेशो तिथून कधीच पुढे निघून गेलाय, ही मंदीतली सगळ्यात मोलाची खूण. माझ्या मते या सगळ्या विषयातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ती हीच.

हे का घडत होतं त्यालाही कारण होतं, आणि कारण नसलेली ताकद मला नेहमीच संशयास्पद वाटते. आरबीआय आता व्याजदर कमी करणार, अशी अपेक्षा बाजारात वाढत होती. बिगरबँक वित्तसंस्था दुसऱ्यांकडून कर्ज घेऊन पुढे कर्ज देतात, त्यामुळे दरकपातीचा त्यांना थेट फायदा असतो. १ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर लागणार नाही असं जाहीर झालं. ७ फेब्रुवारीला रेपो दर साडेसहावरून सव्वासहा टक्क्यांवर आला, जवळपास पाच वर्षांतली पहिली कपात. बँकांनी या वित्तसंस्थांना दिलेल्या कर्जावरचं वाढीव जोखीमभारांकन, म्हणजे त्या कर्जापोटी बँकांना जास्तीचं भांडवल बाजूला ठेवायला लावणारा नियम, आरबीआयने नोव्हेंबर २०२३ मध्ये लादलं होतं, तेही फेब्रुवारीअखेर मागे घेतलं. क्रम बघा. रेशो डिसेंबरात वळला आणि बातम्या फेब्रुवारीत आल्या. मोठे पैसे हलवणारे बातमीच्या आधीच खरेदी सुरू करतात, आणि त्यांची खरेदी लपत नाही. सगळे विकत असताना एखादा शेअर पडत नाही, याचा अर्थ विकणाऱ्यांचा माल कुणीतरी शांतपणे उचलतंय.

आणखी एक आधार होता. बजाज फायनान्स एकटा नव्हता. जानेवारी-फेब्रुवारीत एसबीआय कार्ड, चोलामंडलम हेही निफ्टीच्या उलट दिशेने वर जात होते. एका धंद्यातले तीनचार शेअर एकत्र पुढे येतात तेव्हा ती ताकद त्या क्षेत्राची असते आणि ती टिकायची शक्यता जास्त. एकटाच शेअर चमकत असेल तर आधी शंका घ्यावी. ताबा घेण्याची अफवा असेल, एखादं कंत्राट असेल, नाहीतर कुणीतरी भाव धरून ठेवला असेल.

आता जिथे बहुतेक लोक फसतात तिथे येऊ. 'निफ्टीपेक्षा कमी पडला' आणि 'निफ्टीपेक्षा ताकदवान आहे' या दोन गोष्टी एक नाहीत.

समजा साबण-बिस्किटं विकणाऱ्या एखाद्या कंपनीचा शेअर आहे. त्याचा बीटा अर्धा आहे, म्हणजे निफ्टी १० टक्के हलला की हा साधारण ५ टक्के हलतो. निफ्टी १४ टक्के पडला, हा ७ टक्के पडला. रेशो काढा. ९३ भागिले ८६, म्हणजे १.०८. रेशो ८ टक्के वर! चार्टवर रेषा सुंदर चढलेली दिसेल, पण शेअरमध्ये नवीन काहीही घडलेलं नाही. तो त्याच्या स्वभावाप्रमाणे संथ वागला, एवढंच. बाजार उलटला आणि निफ्टी १४ टक्के वाढला, की हाच शेअर ७ टक्के वाढेल आणि रेषा जशी चढली तशी उतरेल. मंदीत औषधं, तेल-साबण, वीज कंपन्या यादीत वर दिसतात त्यामागे बरेचदा एवढंच असतं. त्यात पैसे ठेवणं चूक नाही. घर सांभाळायचं असेल तर तिथेच ठेवावेत. पण पुढच्या तेजीचा म्होरक्या शोधायचा असेल तर ही यादी भूल घालते.

बजाज फायनान्सचं वेगळेपण इथे समजतं. हा एरवी निफ्टीपेक्षा जास्त हलणारा शेअर आहे. बाजार पडला की त्याने जास्त पडावं अशीच अपेक्षा असते, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो तसाच वागला. डिसेंबरपासून त्याने आपला स्वभाव सोडला. निफ्टी जानेवारी-फेब्रुवारीत मिळून साडेसहा टक्के पडला आणि हा ६,८०० वरून ८,५०० वर गेला, म्हणजे २५ टक्के वर. शेअर आपल्या स्वभावाविरुद्ध वागायला लागला की तिथे थांबून पाहावं. म्हणून रेशो पाहताना त्याच्या शेजारी बीटा लिहून ठेवायची सवय लावून घ्यावी. बीटा ०.५ असलेल्या शेअरचा रेशो मंदीत ८ टक्के वाढला तर ते शून्य समजा. १.२ बीटावाल्याचा रेशो नुसता जागेवर राहिला, तरी त्याने काहीतरी कमावलंय.

हे तपासायची एक सोपी, हाताने करायची चाचणी आहे. निफ्टी १ टक्क्याहून जास्त पडला ते दिवस वेगळे काढायचे. त्या वेळचे काही सांगायचे तर ६, १३ आणि २१ जानेवारी आणि मग २८ फेब्रुवारी. या दिवशी आपल्या यादीतला प्रत्येक शेअर किती हलला ते लिहायचं. मग उलट, निफ्टी चांगला वाढला त्या दिवसांचंही तसंच. संथ शेअर वाईट दिवशी कमी पडतो आणि चांगल्या दिवशी कमी वाढतो. खरा म्होरक्या वाईट दिवशी कमी पडतो आणि चांगल्या दिवशी निफ्टीइतका किंवा जास्त वाढतो. वहीत दोन रकाने पुरेत. स्क्रीनरने निवडलेली ३० नावं या दोन रकान्यांत घातली की निम्मी आपोआप गळून पडतात.

तुलना कोणाशी करायची, हाही प्रश्न आहेच. सप्टेंबर ते फेब्रुवारीत निफ्टी ५० सुमारे १४ टक्के पडला, तर स्मॉलकॅप निर्देशांक २० टक्क्यांहून जास्त पडला. अशा वेळी १८ टक्के पडलेला छोट्या कंपनीचा शेअर निफ्टीच्या मापाने कमजोर ठरतो आणि आपल्या भाऊबंदांच्या मापाने बळकट. दोन्ही उत्तरं खरी आहेत. मी आधी निफ्टी ५० किंवा निफ्टी ५०० घेतो, कारण शेवटी पैसे कुठेही टाकायची मोकळीक आपल्याला असते. छोट्या शेअरांतच काम करायचं ठरवलं असेल तर मग स्मॉलकॅप निर्देशांकाशीही ताडून पाहावं. फक्त शेअर बरा दिसावा म्हणून माप बदलायचं नाही.

मोजायला सुरुवात कुठून करायची, यावरही बरंच ठरतं. आपल्याकडे ५५ दिवसांचं सूत्र खूप वापरलं जातं. ५५ दिवस म्हणजे बाजाराचे कामकाजाचे दिवस, साधारण अडीच महिने. शेअर ५५ दिवसांत किती पट झाला त्याला निफ्टी तेवढ्याच दिवसांत किती पट झाला त्याने भागायचं आणि एक वजा करायचा. उत्तर शून्याच्या वर असेल तर शेअर निफ्टीच्या पुढे. ट्रेडिंगव्ह्यूच्या पाइन एडिटरमध्ये हे असं लिहितात:

```
//@version=5
indicator("RS 55")
nifty = request.security("NSE:NIFTY", timeframe.period, close)
rs = (close / close[55]) / (nifty / nifty[55]) - 1
plot(rs)
hline(0)
```

सूत्र चांगलं आहे, पण त्यात एक खोच आहे. आज शेअरमध्ये काहीही झालं नाही तरी आकडा उडी मारू शकतो, कारण ५५ दिवसांपूर्वीचा दिवस रोज बदलतो. अडीच महिन्यांपूर्वी निकाल लागून शेअर एका दिवसात ८ टक्के पडला असेल, तर तो पडण्याआधीचा दिवस मोजणीतून बाहेर गेला की आकडा अचानक सुधारतो. शून्याची रेषा ओलांडली म्हणून लोक खरेदी करतात आणि प्रत्यक्षात त्यांनी अडीच महिन्यांपूर्वीच्या घटनेवर खरेदी केलेली असते. म्हणून मंदीत मी मोजायची सुरुवात एका जागी रोवून ठेवतो, बाजाराच्या शेवटच्या मोठ्या उच्चांकापाशी. त्या वेळी ती जागा सप्टेंबरअखेर होती. ५५ चं सूत्र यादी गाळायला वापरावं, निर्णय साध्या रेशोच्या रेषेवर घ्यावा.

आता पद्धत कुठे हरते ते पाहू, कारण वर एक जिंकलेलं उदाहरण घेऊन मी तुमचं मत थोडं तरी वळवलं असणार.

त्याच मंदीत, डिसेंबरच्या मध्यावर, ताकदीच्या यादीत सगळ्यात वर कोण होतं? आयटी कंपन्या. निफ्टी सप्टेंबरच्या उच्चांकाच्या खाली असताना निफ्टी आयटी निर्देशांकाने १३ डिसेंबरला ४६,००० च्या वर जाऊन नवा विक्रम केला. डॉलर मजबूत होत होता, अमेरिकेत निवडणूक होऊन गेली होती, तिथल्या कंपन्या तंत्रज्ञानावर खर्च वाढवतील अशी आशा होती. सप्टेंबरअखेर १०० धरलेला रेशो तेव्हा ११४ च्या आसपास होता. एका क्षेत्रातले सगळे शेअर एकत्र, कारणही पटण्यासारखं, भावही नव्या उच्चांकावर. त्या वेळी बजाज फायनान्सपेक्षा आयटीचं पारडं कितीतरी जड दिसत होतं.

फेब्रुवारीअखेर निफ्टी आयटी ३७,३०० च्या आसपास होता आणि रेशो १०४ वर. एप्रिलअखेर निर्देशांक ३५,८०० च्या जवळ आणि रेशो ९० वर. अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेची आणि आयातशुल्काची भीती आली आणि जे कारण बळ देत होतं तेच उलटलं. नुकसान टाळता आलं असतं का? पूर्ण नाही, पण बरंचसं. फेब्रुवारीअखेरचा रेशो अजून १०० च्या वर होता, त्यामुळे 'आयटी अजून निफ्टीच्या पुढे आहे' हे वाक्य तेव्हाही खरंच ठरलं असतं, आणि तरीही ते दिशाभूल करणारं होतं. ११४ वरून १०४ वर आलेली रेषा खाली चालली होती. रेशो किती वर आहे यापेक्षा तो कुठे चाललाय ते महत्त्वाचं. दुसरी खूण वाईट दिवसांच्या चाचणीची. २८ फेब्रुवारीला निफ्टी १.९ टक्के पडला तेव्हा निफ्टी आयटी ४ टक्क्यांहून जास्त पडला. म्होरक्या वाईट दिवशी दुप्पट पडत नसतो.

याचाच मोठा अवतार म्हणजे मागच्या तेजीचे हिरो. एनएसईचा निफ्टी २०० मोमेंटम ३० हा निर्देशांक मागच्या सहा आणि बारा महिन्यांत जास्त वाढलेले ३० शेअर निवडतो आणि जून-डिसेंबरात ते बदलतो. सप्टेंबर २०२४ नंतरच्या पडझडीत तो निफ्टी ५० पेक्षा जास्त पडला. नवल नाही. बारा महिन्यांच्या मापात तेजीतली धाव मोजली गेली होती आणि तेजी संपल्यावर नफा काढायला लोक आधी तेच शेअर विकतात. उच्चांकाआधीची ताकद आणि उच्चांकानंतरची ताकद या दोन वेगळ्या याद्या आहेत, त्यांची सरमिसळ करू नये. म्हणूनच मोजणी उच्चांकापासून सुरू करायची.

छोट्या शेअरांत एक वेगळाच धोका. दिवसाला काही लाखांचीच उलाढाल असलेला शेअर बाजारासोबत पडत नाही, कारण तो विकायलाच कुणी आलेलं नसतं. रेशो चढत राहतो आणि एक दिवस कुणी थोडा माल काढला की थेट लोअर सर्किट, म्हणजे एका दिवसात पडायची शेवटची मर्यादा. उलाढालीची खालची मर्यादा आधीच ठरवून घ्यावी. किती ते आपण किती रकमेचा शेअर घेणार यावर अवलंबून, पण रोजची उलाढाल आपल्या खरेदीच्या शंभरपट तरी असावी असं मी धरतो.

आणि मग आकड्यांची स्वच्छता. १६ जून २०२५ ही बजाज फायनान्सच्या बोनसची आणि विभागणीची ठरलेली तारीख होती. एकाला चार बोनस आणि २ रुपयांच्या शेअरचे १ रुपयाचे दोन, म्हणजे एका शेअरचे दहा झाले आणि भाव नऊ हजारांच्या घरातून नऊशेंच्या घरात आला. ज्याने एक्सेलमध्ये जुने भाव तसेच ठेवले, त्याच्या रेशोने एका दिवसात ९० टक्क्यांची बुडी मारली असणार. चांगले चार्ट हे आपोआप जुळवून घेतात, हाताने उतरवलेले आकडे घेत नाहीत. एका दिवसात कारणाशिवाय रेशो अर्धा किंवा दहावा झाला तर बाजारापेक्षा आपल्या वहीवर आधी संशय घ्यावा.

आता सगळ्यात अवघड भाग. खरेदी केव्हा?

तक्त्याकडे परत या. फेब्रुवारीअखेर १२९ वर रेशो होता, तेव्हा चित्र इतकं स्पष्ट होतं की कुणालाही दिसावं. मार्चमध्ये निफ्टी ६ टक्क्यांहून जास्त उसळला आणि बजाज फायनान्स ५ टक्के वाढला. भाव वर, रेशो किंचित खाली. एप्रिलच्या शेवटच्या दिवशी कंपनीचे निकाल आल्यावर शेअर ५ टक्के पडला आणि महिनाअखेर रेशो ११८ वर आला. म्हणजे पुरावा पूर्ण झाल्यावर ज्याने २८ फेब्रुवारीला शेअर घेतला, त्याने दोन महिन्यांत साधारण १ टक्का कमावला आणि निफ्टीने तेवढ्यात १० टक्के. डिसेंबरअखेर, रेषा नुकतीच वळली असताना ज्याने घेतला, त्याला २६ टक्के मिळाले. पण डिसेंबरात तो वळला होता तशी आणखी अनेक शेअरांची रेषा वळली होती आणि त्यातले बरेचसे जानेवारीत पुन्हा खाली गेले. लवकर घ्यावं तर चुका जास्त, उशिरा घ्यावं तर फायदा कमी. यातून सुटका नाही. जो सूत्र देऊन सुटका करतो म्हणतो त्याच्यापासून जपून राहावं.

मला पटलेला मध्यम मार्ग असा. मंदी चालू असताना फक्त यादी बनवायची, आठवड्यातून एकदा, शनिवारी. निफ्टी ५०० मधून उलाढालीची चाळणी लावायची, उच्चांकापासूनचा रेशो काढायचा, बीटा शेजारी लिहायचा, वाईट दिवसांचे रकाने भरायचे. पंधरा-वीस नावं उरतात. रेशोने बाजाराच्या उच्चांकावेळची आपली पातळी ओलांडली आणि भावाने आपली अजून ओलांडलेली नाही, अशा नावांपुढे खूण करायची. बजाज फायनान्सपुढे ती जानेवारीत झाली असती. खूण झालेल्यांत थोडी रक्कम, ठरलेल्या रकमेच्या पाव भागाहून जास्त नाही. बाकी पैसे निफ्टी स्वतः सावरायला लागेपर्यंत हातात. कारण निफ्टी १५ टक्के पडताना ५ टक्के पडणारा शेअर तुलनेत कितीही बळकट असला तरी खिशातून ५ टक्के गेलेलेच असतात. आणि २४ मार्च २०२० सारखी घबराट आली, ज्यात निफ्टी दोन महिन्यांत १२,४०० वरून ७,५०० वर आला होता, तर बळकट-कमजोर सगळेच एकत्र पडतात. ज्यांना पैसे परत करायचे असतात ते जे विकलं जाईल ते विकतात, आणि ज्याला गिऱ्हाईक मिळतं तो नेमका चांगलाच शेअर असतो.

यादीतून नाव काढायचा नियम मात्र आधीच लिहून ठेवावा, नंतर मन वळवायला कारणं भरपूर सापडतात. माझा नियम रेशोवर आहे. रेशोची रेषा तिच्या स्वतःच्या ५० दिवसांच्या सरासरीखाली गेली आणि दोन आठवडे तिथेच राहिली की नाव बाहेर, मग भाव वर असो की खाली. भाव वर असताना नाव काढायला जीवावर येतं, पण निफ्टी त्याच्याहून वेगाने वाढायला लागला असेल तर तो आता म्होरक्या राहिलेला नाही. तो पुन्हा पुढे आला तर पुढच्या शनिवारी यादीत परत घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.